घड्याळ-कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा: उंच इमारती आणि बोगदा असलेल्या मार्गावर अंतर चुकते

पहाटपावले

नमस्कार. माझ्या धावण्याच्या घड्याळात एका ठरावीक मार्गाचे अंतर सातत्याने चुकीचे नोंदले जाते. त्याबद्दल मी उत्पादक कंपनीच्या ग्राहक साहाय्य विभागाला पत्र लिहीत आहे. मागे एकदा "अंतर जास्त दाखवते" एवढेच कळवले होते, तेव्हा घड्याळ बंद करून पुन्हा सुरू करा आणि उपग्रह सापडेपर्यंत मोकळ्या जागेत थांबा, असे उत्तर आले. दोन्ही केले, फरक पडला नाही. या वेळी आकड्यांसह लिहायचे ठरवले आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण मला तिची तक्रार येथे मांडायची नसून पत्र निर्दोष करून हवे आहे. मसुदा असा:

> महोदय,
>
> मी आपले घड्याळ वापरून आठवड्यातून तीनदा एका वर्तुळाकार मार्गावर धावतो. हा मार्ग मी मापनचाकाने दोनदा मोजला आहे. दोन्ही मोजण्यांत ३ मीटरांचा फरक आला आणि लांबी ६.०० किमी भरली. मार्गाचे चार भाग आहेत: मोकळा रस्ता २.४० किमी, दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेला रस्ता १.३० किमी, पादचारी पट्टी असलेला वळणदार बोगदा ०.७० किमी, आणि परतीचा मोकळा रस्ता १.६० किमी.
>
> प्रत्येक भागाच्या शेवटी मी लॅपचे बटण दाबले. घड्याळाने अनुक्रमे २.४१, १.४९, ०.२१ आणि २.०३ किमी नोंदवले, एकूण ६.१४ किमी. म्हणजे इमारतींच्या रस्त्यावर १९० मीटर जास्त, बोगद्यात ४९० मीटर कमी आणि परतीच्या मोकळ्या रस्त्यावर ४३० मीटर जास्त. मोकळ्या रस्त्यावर एवढी चूक का व्हावी, हे मला कळत नाही. माझे घड्याळ सदोष असावे असे वाटते. सोबत ॲपमधून काढलेली `.gpx` फाइल जोडली आहे. कृपया दुरुस्ती करून द्यावी.

यात काय कमी आहे, काय चुकते आहे, ते कृपया सांगावे.

रोजचादहा

पत्राची गरजच नाही. सेटिंगमध्ये सर्व उपग्रहप्रणाली आणि ड्युअल-बँड सुरू करा. जुन्या पद्धतीत घड्याळ एकाच वारंवारतेवर ऐकते, दोन वारंवारतांवर ऐकले की इमारतींवरून परावर्तित झालेला सिग्नल ओळखून बाजूला काढता येतो. मी हा बदल केल्यापासून माझी नकाशावरची रेघ सरळ झाली आहे. प्रश्न सुटला.

चढउतार

माझेही असेच होते. मी पाच मजले चढलो तर घड्याळ तीनच दाखवते. हवेचा दाब मोजणाऱ्या भागाचे छिद्र घामाने बुजते, ते कोमट पाण्याखाली धरून स्वच्छ केल्यावर माझे घड्याळ सुधारले. तुम्हीही करून पाहा.

पहाटपावले

चढउतार, आभार, पण माझा प्रश्न उंचीचा नाही, जमिनीवरच्या अंतराचा आहे. रोजचादहा, माझ्या घड्याळात ड्युअल-बँडची सोय आहे आणि बॅटरी लवकर संपते म्हणून मी ती बंद ठेवली होती. हे पत्रात लिहायला हवे होते, ही माझी चूक मान्य.

मोजपट्टी

मी शर्यतींच्या मार्गांच्या मोजणीत मदत करतो, म्हणून एक सांगतो. अधिकृत मार्ग शक्य तितक्या आखूड रेषेने, वळणांवर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवून मोजला जातो आणि कमी भरू नये म्हणून हजारात एक इतकी भर मुद्दाम घातली जाते. धावणारा ती रेषा कधीच तंतोतंत पाळत नाही. त्यामुळे घड्याळ थोडे जास्तच दाखवणार, त्यात दोष घड्याळाचा नाही. तुम्ही चाक कोणत्या रेषेने नेले?

पहाटपावले

ज्या रेषेने धावतो त्याच रेषेने, म्हणजे पदपथाच्या मधोमध. बोगद्यात पादचारी पट्टी जेमतेम दीड मीटर रुंद आहे, तेथे रेषा बदलण्यास वावच नाही.

नकाशावेडा

मी काही वर्षे भूमापनाच्या रिसीव्हरांवर काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोजपट्टी यांचा मुद्दा खरा आहे, पण तो एखाद्या टक्क्याचा फरक समजावतो. १३०० मीटरांत १९० म्हणजे जवळजवळ १५ टक्के, आणि एवढी तफावत रेषा बदलल्याने येत नाही.

पत्रातील सर्वांत मोठी अडचण मला लॅपच्या जागेची वाटते. तुम्ही बोगद्याच्या अगदी तोंडाशी बटण दाबले. त्या क्षणी घड्याळाला अजून एकही उपग्रह सापडलेला नव्हता, म्हणून बोगद्याचे बरेचसे अंतर त्याने मोजलेच नव्हते. थोडे पुढे गेल्यावर स्थान मिळाले आणि राहिलेले अंतर एकदम जमा झाले. पण तोवर तुमचा पुढचा लॅप सुरू झाला होता. परतीच्या मोकळ्या रस्त्यावरच्या ४३० मीटरांचा उगम तेथे आहे. बोगदा आणि परतीचा रस्ता एकत्र धरा: ०.२१ आणि २.०३ मिळून २.२४ किमी, प्रत्यक्षात २.३०. चूक फक्त ६० मीटरांची उरते, आणि तीही वाढीची नसून घटीची आहे.

ही घट कुठून येते? घड्याळाने शेवटचे ठाऊक स्थान आणि बाहेर आल्यावरचे पहिले स्थान सरळ रेघेने जोडले असावे. बोगदा वळणाचा असल्याने तुम्ही कंसावरून धावलात आणि घड्याळाने जीवा मोजली. बोगदा एकूण किती अंशांत वळतो?

पहाटपावले

नकाशावर पाहिले तर प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची दिशा जवळजवळ काटकोनात आहे.

नकाशावेडा

वळण सगळीकडे सारखे असेल तर ९० अंशांच्या कंसाची जीवा कंसाच्या ९० टक्के भरते. ७०० मीटरांच्या कंसाची जीवा ६३० मीटर, म्हणजे घट ७० मीटर. तुमच्या ६० मीटरांशी हे चांगले जुळते.

आता कंपनीच्या बाजूने विचार करा. तुमचे पत्र वाचणारा माणूस "मोकळ्या रस्त्यावर ४३० मीटर जास्त" हे वाक्य पाहील, तो आकडा अशक्य आहे हे त्याला लगेच कळेल, आणि मग तो इमारतींच्या रस्त्याकडेही गांभीर्याने पाहणार नाही, जेथे तुमची तक्रार खरोखर भक्कम आहे.

दुसरे, `.gpx` पाठवू नका. तिच्यात साधारणपणे स्थान, उंची आणि वेळ एवढेच असते. घड्याळाने स्वतः मोजलेले अंतर त्यात येत नाही, ते उघडणारे ॲप बिंदूंवरून पुन्हा हिशोब करते. तुमची तक्रार घड्याळाच्या हिशोबाची आहे, म्हणून घड्याळातील मूळ `.fit` फाइल पाठवा. तिच्यात प्रत्येक नोंदीला `distance` आणि `cadence` असतात. आधी ती स्वतः उघडून बोगद्याच्या ओळी पाहा.

रोजचादहा, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. जुन्या सिग्नलच्या सांकेतिक ठोक्याची लांबी सुमारे ३०० मीटर असते, दुसऱ्या वारंवारतेवरील नव्या सिग्नलची सुमारे ३०. भिंतीवरून आलेला सिग्नल चाळीसएक मीटर जास्त फिरून आला असेल, तर जुन्या पद्धतीत तो थेट सिग्नलमध्ये मिसळून जातो आणि नव्यात वेगळा दिसतो. पण त्यासाठी थेट सिग्नल पोहोचायला तर हवा. इमारतीने उपग्रह पूर्ण झाकला आणि फक्त परावर्तित सिग्नल आला, तर वेगळे करायला दुसरे काही उरतच नाही. आणि बोगद्यात कोणतीच वारंवारता पोहोचत नाही.

दुचाकीवरून

मी तर म्हणेन, पत्र कशाला? बुटाला लावायचा सेन्सर घ्या, एकदा मोजलेल्या अंतरावर जुळवून घ्या आणि उपग्रहांना विसरा. सायकलीला मी चाकाचा सेन्सर लावला आहे, बोगदा असो वा जंगल, अंतर चुकत नाही.

पहाटपावले

उपाय म्हणून हे मान्य आहे आणि कदाचित मी तसे करीनही. पण घड्याळ माझ्या विश्वासावर अंतर लिहिते आणि त्या अंतरावरून मी आठवड्याचा सराव ठरवतो. चूक कुठे होते हे कंपनीला नेमके कळावे, ही माझी इच्छा आहे. हाच मार्ग वापरणारे इतरही धावपटू आहेत.

नकाशावेडा, मूळ फाइल उघडली. बोगद्याच्या ओळी देतो; स्थान झाकले आहे.

```
timestamp,position_lat,distance,cadence
06:41:00,***,3900.0,84
06:41:01,,3902.8,84
06:42:15,,4110.0,84
06:42:16,,4110.0,84
06:45:29,,4110.0,83
06:45:30,***,4570.3,83
```

पहिली ओळ बोगद्यात शिरतानाची. बाहेर पडण्याची वेळ लॅपवरून ०६:४५:१२, म्हणजे स्थान त्यानंतर १८ सेकंदांनी मिळाले. मला एक गोष्ट समजली नाही. स्थान गेल्यानंतरही सव्वा मिनिट अंतर वाढत राहिले आणि मग अचानक थांबले. पावले तर तशीच पडत होती.

नकाशावेडा

ही ओळ तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची आहे. स्थान नसताना घड्याळ हाताच्या हेलकाव्यावरून पावले मोजते आणि पावलाच्या अंदाजी लांबीवरून अंतर काढते. ७५ सेकंदांत २१० मीटर म्हणजे किलोमीटरला सुमारे ६ मिनिटे. तुमचा पेस तोच असेल, तर त्याचा अंदाज उत्तम चालला होता. मग त्याने तो सोडून दिला.

बाहेर आल्यावर ४६० मीटर एकदम जमा झाले. दोन्ही झाकलेल्या स्थानांमधले सरळ अंतर काढून पाहा. ते ६७० च्या आसपास निघाले, तर घड्याळाने सरळ रेघेतून आधी मोजलेले २१० वजा करून उरलेले जमा केले, असे म्हणता येईल. बाहेर पडल्यावर १८ सेकंदांत तुम्ही ५० मीटर गेलात, म्हणजे त्या क्षणापर्यंतचा खरा मार्ग ७५० मीटरांचा.

एक सावधगिरी: बोगद्यात शिरण्यापूर्वीचे शेवटचे स्थान इमारतींच्या रस्त्याच्या टोकाचे आहे, म्हणून तेच वीसतीस मीटरांनी चुकलेले असू शकते. जीवेचा हिशोब त्या मर्यादेतच धरा.

पहाटपावले

सरळ अंतर ६७१ मीटर निघाले. माझा पेस ६ मिनिटांचाच होता.

नकाशावेडा

मग इमारतींच्या रस्त्याकडे वळू. तेथे तुम्ही कुठे थांबता का? सिग्नलच्या चौकात वगैरे?

पहाटपावले

दोन चौक आहेत. त्या दिवशी दोन्ही ठिकाणी थांबावे लागले.

नकाशावेडा

फाइलमध्ये ज्या ओळींत `cadence` शून्य आहे त्या शोधा आणि तेवढ्या वेळात `distance` किती वाढले ते पाहा. उभ्या माणसाचे अंतर वाढत असेल, तर ती चूक धावण्याच्या रेषेची, चाकाची किंवा पेसची असूच शकत नाही. एवढा निर्विवाद पुरावा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे मिळणार नाही.

पहाटपावले

दोन्ही थांबे मिळून ८५ सेकंद, आणि तेवढ्यात ३८ मीटर वाढले. दुसऱ्या थांब्यावर नकाशावरची रेघ रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेली आहे आणि परत आली आहे. ऑटो-पॉज बंद होता.

रोजचादहा

मग ऑटो-पॉज सुरू ठेवा, ३८ मीटर वाचतील.

नकाशावेडा

उभे असतानाची वाढ त्याने कदाचित थांबेल. पण काही घड्याळांत तो निर्णयही स्थानावरून काढलेल्या वेगावरच होतो, आणि स्थान हलते आहे म्हटल्यावर घड्याळ तुम्हाला चालता समजेल. शिवाय उरलेले १५२ मीटर धावतानाचे आहेत. अशा रस्त्यावर वरची फक्त एक लांब पट्टी आकाश दिसते. रस्त्याच्या दिशेचे उपग्रह मिळतात, आडवे झाकले जातात. म्हणून स्थान पुढेमागे बरे राहते आणि डावीउजवीकडे भरकटते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे नागमोडी बिंदू जोडले की रेघ लांबतेच. सरळ रस्त्यावर असा गोंधळ अंतर वाढवतो, सहसा कमी करत नाही.

मोजपट्टी

मी आधीचे म्हणणे या रस्त्यापुरते मागे घेतो. उभे असताना ३८ मीटर हे मला पटले. मात्र एकाच दिवसाच्या नोंदीवर पत्र पाठवू नका. मोजणी पुन्हा करून तशीच आली तरच तिला अर्थ असतो.

पहाटपावले

आठवडाभरानंतर लिहितो आहे. तीनदा पुन्हा धावलो. दोनदा त्याच दिशेने आणि जुन्याच सेटिंगवर, एकदा ड्युअल-बँड सुरू करून. या वेळी बोगद्यानंतरचा लॅप तोंडाशी न दाबता २०० मीटर पुढे, स्थान मिळाल्याची खात्री करून दाबला. त्यामुळे बोगद्याचा लॅप आता ९०० मीटरांचा झाला.

जुन्या सेटिंगवर इमारतींच्या रस्त्यावर १७० आणि २०५ मीटर जास्त आले. बोगद्याच्या लॅपमध्ये दोन्ही वेळा सुमारे ८० मीटर कमी. ड्युअल-बँडवर इमारतींची वाढ ६० मीटरांवर आली. बोगद्यात काहीच बदलले नाही. अंतर तिन्ही वेळा स्थान गेल्यापासून ७५ सेकंदांनीच थांबले.

रोजचादहा, तुमच्या सूचनेचा बराच उपयोग झाला, हे येथे नोंदवतो.

पत्र पुन्हा लिहिले आहे:

> महोदय,
>
> आपल्या घड्याळात एका मोजलेल्या मार्गावर अंतराच्या दोन वेगवेगळ्या चुका आढळल्या आहेत. त्या परस्परविरुद्ध दिशांच्या असल्याने एकूण अंतरात त्यांचा काही भाग झाकला जातो, म्हणून मी त्या स्वतंत्रपणे मांडत आहे. चारही दिवसांच्या मूळ `.fit` फाइल सोबत आहेत. फर्मवेअरची आवृत्ती, उपग्रहांचे सेटिंग आणि शेवटचे सिंक केल्याची वेळ प्रत्येक फाइलपुढे लिहिली आहे. नोंद दर सेकंदाला होत होती आणि ऑटो-पॉज बंद होता.
>
> पहिली चूक. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या १.३० किमी रस्त्यावर एका वारंवारतेच्या सेटिंगवर अंतर १७० ते २०५ मीटर जास्त येते, ड्युअल-बँडवर ६० मीटर जास्त. अशा रस्त्यावर सिग्नल परावर्तित होतात हे मला ठाऊक आहे आणि ही चूक पूर्ण टळावी अशी माझी अपेक्षा नाही. परंतु पहिल्या फाइलमध्ये मी चौकात उभा असताना, `cadence` शून्य असताना, ८५ सेकंदांत अंतर ३८ मीटरांनी वाढले आहे. हात स्थिर आहे हे घड्याळाला कळत असूनही ते अंतर का जोडले जाते, याची विचारणा मी करीत आहे.
>
> दुसरी चूक. ०.७० किमी लांबीच्या, सुमारे ९० अंशांत वळणाऱ्या बोगद्यात स्थान गेल्यावर घड्याळ ७५ सेकंद हाताच्या हालचालीवरून अंतर मोजते आणि त्यानंतर मोजणे थांबवते, जरी `cadence` पुढेही नोंदला जात असतो. स्थान परत मिळाल्यावर दोन स्थानांमधील सरळ अंतरातून आधीचे अंतर वजा करून उरलेले एकदम जमा होत असावे. पहिल्या दिवशीचे आकडे (सरळ अंतर ६७१ मीटर, आधीचे २१०, एकदम जमा झालेले ४६०) त्याच्याशी जुळतात. त्या ७५ सेकंदांतील अंदाज माझ्या खऱ्या पेसशी जुळतो. तो पुढेही चालू ठेवला असता तर ही ८० मीटरांची घट टळली असती, असे मला वाटते.
>
> ही ७५ सेकंदांची मर्यादा हेतुपुरस्सर ठेवली आहे का, आणि ती बदलता येते का, हे कृपया कळवावे.

नकाशावेडा

हे पत्र मी साहाय्य विभागात असतो तर थेट अभियंत्यांकडे पाठवले असते. एकच सुचवतो: "असावे" हा शब्द तसाच ठेवा. घड्याळाच्या आत काय चालते ते आपण बाहेरून ताडले आहे, पाहिलेले नाही. आणि अंदाज पुढे चालू ठेवणे नेहमी हिताचेच ठरेल, असेही नाही. कुणी बोगद्यात चालू लागला, हात खिशात घातला किंवा मुलाची गाडी ढकलू लागला, तर हाताच्या हेलकाव्यावरून काढलेले अंतर खूप चुकेल. मर्यादा ठेवण्यामागे तसे काही कारण असू शकते.

दुचाकीवरून

पण मग चूक कोणती पत्करायची हे वापरणाऱ्याला ठरवू द्यावे. माझ्या मते पत्रात तेच मागावे.

नकाशावेडा

बहुतेकांना ते सेटिंग सापडणार नाही आणि सापडले तरी त्याचा अर्थ लागणार नाही. याबाबत आपले मत जुळणार नाही असे दिसते.

पहाटपावले

पत्र काल पाठवले. तुमचे "असावे" तसेच ठेवले आणि सेटिंगची मागणी एका वाक्यात जोडली. आज पोच आली: फाइल मिळाल्या, तांत्रिक गटाकडे दिल्या आहेत, आणि ड्युअल-बँडवर आणखी दोन धावांच्या फाइल हव्या आहेत. ७५ सेकंदांबद्दल त्यात काहीच नाही.

शांतचाल

हा धागा वाचून मी माझ्या जुन्या फाइल उघडल्या. घड्याळ त्याच कंपनीचे, पण आधीच्या पिढीतले. माझ्या रोजच्या मार्गावर रेल्वेखालून जाणारा लांब भुयारी रस्ता आहे. माझा पेस किलोमीटरला ५ मिनिटांचा. अंतर थांबले तेव्हा मी आत २५० मीटर गेलो होतो, वेळ ७५ सेकंद. दुसऱ्या फाइलमध्ये ७६. म्हणजे मर्यादा अंतराची नसून वेळेची आहे, आणि ती एकाच मॉडेलपुरती नाही. पुढच्या पत्रात जोडायच्या असतील तर दोन्ही फाइल मी पाठवतो.

पहाटपावले

कृपया पाठवाव्यात. रविवारी ड्युअल-बँडवर दोन फेऱ्या धावणार आहे, दुसरी उलट दिशेने, म्हणजे बोगद्यात मोकळ्या बाजूने शिरता येईल आणि शेवटचे स्थान विश्वसनीय असेल. तुमच्या फाइल त्यांच्यासोबत एकाच पत्रात जातील.